पिळून पिळून किती पिळणार?

मागच्या भागाखाली इंदूरच्या एका प्रेक्षकाने फार मार्मिक प्रश्न विचारला होता. फाइल झिप केली की ती लहान होते. मग झिप केलेली फाइल पुन्हा झिप केली, आणि ती पुन्हा केली, तर ती लहान लहान होत शेवटी एका अक्षरावर का येत नाही? त्यांनी स्वतः करून बघितलं होतं. दुसऱ्या वेळेला फाइल उलट थोडी वाढली.

हा प्रश्न मला आवडला, कारण मी लष्करात सिग्नल्सच्या कामात उमेदवारी केली तेव्हा माझ्याही डोक्यात हाच किडा होता. संदेश जितका छोटा, तितका वायरलेस सेट कमी वेळ हवेत, तितकी बॅटरी जास्त दिवस टिकणार. म्हणजे संदेश पिळायचा. पण पिळून पिळून किती पिळणार? याला एक तळ आहे आणि तो आकड्यात सांगता येतो. क्लॉड शॅनन यांनी 1948 साली तो सांगितला. त्या तळाला एन्ट्रॉपी म्हणतात. आज आपण तो तळ कुठून येतो, त्याच्याजवळ कसं पोहोचायचं आणि पोहोचताना काय किंमत मोजावी लागते, एवढंच बघू.

जमिनीची वाटणी

एक डोंगरी चौकी घ्या. तिथून रस्त्याची स्थिती कळवायची आहे. चारच संदेश आहेत: रस्ता खुला, बर्फ, दरड, पूल बंद. चार संदेशांना प्रत्येकी दोन बिट पुरतात: 00, 01, 10, 11. पण समजा अनुभव असा आहे की निम्म्या वेळा रस्ता खुला असतो, पाव वेळा बर्फ असतो, आणि दरड व पूल बंद हे प्रत्येकी एक अष्टमांश वेळा. मग जो संदेश रोजचा आहे त्याला आखूड कोड द्यावा, हे कुणालाही सुचेल. मोर्सच्या कोडमध्ये इंग्रजीतल्या ई या सर्वांत जास्त वापरातल्या अक्षराला एकच टिंब दिलं आहे, ते याच हिशेबाने. आपण असे कोड देऊ:

```
रस्ता खुला   1/2   0
बर्फ         1/4   10
दरड          1/8   110
पूल बंद      1/8   111
```

आता ऐकणाऱ्याला 01001110110 असा सलग प्रवाह आला. मध्ये कुठेही थांबा नाही. तरीही तो डावीकडून वाचत जातो: 0, 10, 0, 111, 0, 110. दुसरा अर्थ निघतच नाही, कारण कुठलाही कोड दुसऱ्या कोडची सुरुवात नाही. मोर्समध्ये ही सोय नसते. तिथे अक्षरांच्या मध्ये थांबावं लागतं, आणि तो थांबाही वेळ खातो.

आठ संदेशांमागे सरासरी चार खुला, दोन बर्फ, एक दरड, एक पूल. बिट किती लागले? चार अधिक चार अधिक तीन अधिक तीन, म्हणजे 14. आधी 16 लागत होते. एका संदेशाला सरासरी 1.75 बिट.

याहून कमी होईल का? सगळ्यांना एकेक बिट देऊ म्हटलं तर जमणार नाही, हे उघड आहे. पण का जमत नाही, ते नीट बघू. गावची एक एकर जमीन आहे असं समजा. 0 हा कोड कुणाला दिला की 0 ने सुरू होणारे सगळे प्रवाह त्याच्या नावावर झाले, म्हणजे अर्धा एकर गेला. 10 दिला की पाव एकर गेला. 110 आणि 111 यांचे प्रत्येकी अर्धा पाव. बेरीज बरोबर एक एकर. एकही वाफा शिल्लक नाही. कोड एक बिटाने आखूड करायचा म्हणजे त्याची जमीन दुप्पट करायची, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातूनच काढावी लागणार. आखूड कोड फुकट मिळत नाही, तो दुसऱ्याच्या कोडची लांबी वाढवून विकत घ्यावा लागतो. या जमिनीच्या नियमाला क्राफ्टची असमानता म्हणतात.

मग सर्वांत चांगली वाटणी कोणती? एका संदेशाची शक्यता p आणि त्याच्याकडची जमीन q असेल, तर त्याच्या वाट्याला जमिनीचा छोटा तुकडा वाढवल्यावर होणारी बचत p भागिले q या प्रमाणात असते. ज्याचा वापर जास्त आणि जमीन कमी, त्याला तुकडा दिला तर फायदा जास्त. जोवर दोन संदेशांचं हे गुणोत्तर वेगळं आहे, तोवर एकाचा तुकडा काढून दुसऱ्याला दिला की सरासरी खाली येते. हे थांबतं कधी? सगळ्यांची गुणोत्तरं सारखी झाल्यावर. म्हणजे जमीन शक्यतेइतकीच: निम्मा वापर त्याला अर्धा एकर, अष्टमांश वापर त्याला अर्धा पाव. वरच्या कोष्टकात नेमकं हेच झालं आहे, म्हणून 1.75 हा तिथला तळ आहे.

शक्यतेइतकी जमीन म्हणजे कोडची लांबी p च्या उलट संख्येचा दोनाच्या पायावरचा लॉगॅरिदम. या लांब्यांची शक्यतेनुसार सरासरी काढली की एन्ट्रॉपी मिळते:

```
H = Σ p · log2(1/p)
```

पूर्ण, न गमावता परत मिळणाऱ्या कोडिंगमध्ये सरासरी लांबी H च्या खाली जाऊ शकत नाही. हुशारी कितीही असो, जमीन एकच एकर आहे.

जिथे एक बिटसुद्धा जास्त होतो

वरचं उदाहरण मी सोयीचं घेतलं. शक्यता अर्धा, पाव, अर्धा पाव अशा होत्या, म्हणून लांब्या पूर्णांकात आल्या. खऱ्या कामात असं होत नाही. दुसरी चौकी घ्या. तिथून दर तासाला एकच गोष्ट कळवायची: ठीक किंवा बदल. दहातल्या नऊ वेळा ठीक, एकदा बदल, आणि एका तासाचा दुसऱ्या तासाशी संबंध नाही, असं धरू. ठीकला ठ, बदलला ब म्हणू.

सूत्रानुसार ठ ला 0.152 बिट हवा आणि ब ला 3.32 बिट. सरासरी 0.469. दिवसाचे 24 संदेश, म्हणजे तळ 11.26 बिट. पण ठ ला 0.152 बिट द्यायचा कसा? बिट तोडता येत नाही. कमीत कमी एक द्यावाच लागतो. ठ ला 0, ब ला 1. दिवसाला 24 बिट. तळापेक्षा दुप्पटीहून जास्त. ज्याला नऊदशांश एकर द्यायला हवा होता त्याला अर्धाच मिळाला आणि ब अर्ध्या एकरावर ऐसपैस बसला.

यावर तोडगा आहे: एकेका संदेशाला कोड न देता दोन तासांची जोडी करून जोडीला कोड द्यायचा.

```
ठठ   0.81   0
ठब   0.09   10
बठ   0.09   110
बब   0.01   111
```

हे कोड कसे ठरवले? ही रीत डेव्हिड हफमन यांची. 1951 साली ते एमआयटीत विद्यार्थी होते. त्यांचे शिक्षक रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला परीक्षा किंवा निबंध असा पर्याय दिला. हफमननी निबंध निवडला आणि त्यातून जी रीत निघाली ती 1952 साली प्रसिद्ध झाली. रीत अगदी साधी आहे. सर्वांत कमी शक्यतेचे दोन संदेश घ्या, त्यांना एका फांदीवर बांधा, त्यांची बेरीज लिहा आणि आता ते दोघं मिळून एकच संदेश आहे असं समजा. पुन्हा सर्वांत छोटे दोन शोधा. इथे आधी 0.01 आणि 0.09 मिळून 0.10 झाले. मग 0.09 आणि 0.10 मिळून 0.19. शेवटी 0.19 आणि 0.81 मिळून 1. प्रत्येक फाट्यावर एका बाजूला 0, दुसऱ्या बाजूला 1. आणि गंमत अशी की या बेरजांचीच बेरीज, 0.10 अधिक 0.19 अधिक 1, म्हणजे 1.29, ही एका जोडीची सरासरी लांबी असते. कागदावर ताळा करायला ही युक्ती फार उपयोगी पडते.

दिवसाच्या 12 जोड्या, 15.48 बिट. 24 वरून इथवर आलो. तीन तासांचा गट केला तर आठ प्रकार होतात, सरासरी 1.598 बिट, दिवसाला 12.78. चार तासांचा गट केला तर सोळा प्रकार, सरासरी 1.970, दिवसाला 11.82. तळ 11.26 होता. बघा, कसे जवळ आलो.

हे जवळ येणं योगायोग नाही. प्रत्येक गटाच्या आदर्श लांबीला वरच्या पूर्णांकाकडे नेलं, तरी एका गटामागे एका बिटापेक्षा कमी नुकसान होतं, आणि तेवढ्याने जमीन नेहमी पुरते. हफमनची रीत त्याहून वाईट कधीच नसते. गट चार तासांचा असो की शंभर तासांचा, नुकसान गटामागे एका बिटाच्या आतच. मग ते एक बिट शंभर संदेशांवर वाटलं गेलं की एका संदेशामागे शंभरांश बिटापेक्षा कमी उरतं:

```
H ≤ सरासरी लांबी < H + 1/n
```

इथे n म्हणजे एका गटात किती संदेश. गट मोठा करत गेलात की तळाच्या हवं तितकं जवळ जाता येतं, पण त्याच्या खाली नाही.

आता झिपचा प्रश्न

जोड्यांच्या कोडने जो प्रवाह बाहेर पडतो, त्यातले 0 आणि 1 मोजा. शंभर जोड्यांमागे सरासरी 129 बिट निघतात. त्यात 99 शून्ये आणि 30 एक असतात. म्हणजे रस अजून शिल्लक आहे. प्रवाह एका बाजूला झुकलेला आहे, त्याला पुन्हा पिळता येईल. पण चांगल्या कोडचा प्रवाह तसा नसतो. तिथे 0 आणि 1 जवळजवळ निम्मे निम्मे येतात आणि मागच्या बिटांवरून पुढच्याचा अंदाज बांधता येत नाही. अशा प्रवाहाची एन्ट्रॉपी एका बिटामागे एक बिट. चोथा झालेला ऊस पुन्हा चरकात घातला तर रस येत नाही. उलट झिप स्वतःच्या नोंदी, फाइलचं नाव, लांबी वगैरे लिहितं, आणि तेवढ्याने फाइल वाढते. इंदूरच्या काकांनी पाहिलं ते हेच.

एक सावधगिरी. फक्त 0 आणि 1 निम्मे निम्मे दिसले म्हणून रस संपला असं समजू नका. 01010101 मध्येही ते निम्मे निम्मे आहेत, पण तो प्रवाह एका वाक्यात सांगून संपतो. म्हणून जोड्या, तिकड्याही मोजून बघायच्या.

किंमत कशात मोजायची

आता तुम्ही म्हणाल, मग मोठे गट करा की. इथे तीन अडचणी येतात.

पहिली अडचण कोष्टकाची. चार तासांच्या गटाला सोळा ओळी लागल्या. पूर्ण दिवसाचा गट केला तर 1,67,77,216 ओळी होतात. हे कोष्टक कोण लिहिणार? यावर अंकगणिती कोडिंग ही रीत आहे. ती कोष्टक करतच नाही. एक एकराचे नवास एक असे दोन भाग करते, पहिला संदेश ठ असेल तर मोठा भाग ठेवते, त्याचे पुन्हा नवास एक भाग करते, आणि असं 24 वेळा. शेवटी जो वाफा उरतो त्याच्या आत पूर्ण मावेल असा सर्वांत आखूड कोड पाठवते. पूर्ण दिवसाच्या आदर्श लांबीपेक्षा दोन बिटही जास्त लागत नाहीत. दिवसभर ठीकच असेल तर आदर्श 3.65 बिट, आणि चार बिटांत सगळा दिवस मावतो.

दुसरी अडचण अंदाज चुकण्याची. सगळं गणित दहात नऊ ठीक या गृहीतकावर उभं आहे. हिवाळा संपला, हालचाल वाढली आणि ठीक व बदल निम्मे निम्मे होऊ लागले तर? जोड्यांचे चारही प्रकार सारखे होतील. लांब्या 1, 2, 3, 3 यांची साधी सरासरी 2.25, म्हणजे एका संदेशाला 1.125 बिट. कोड केला नसता तर एकच लागला असता. पिळण्याचं यंत्र संदेश फुगवू लागलं. हे कसं ओळखायचं? पाठवलेले बिट भागिले संदेश, हा आकडा रोज लिहून ठेवायचा. तो 0.645 च्या आसपास रेंगाळत असेल तर ठीक. काही दिवस सतत वर चढत असेल तर कोष्टक जुनं झालं. म्हणून आजच्या बहुतेक रीती मोजणी चालू ठेवून कोष्टक स्वतःच बदलत राहतात.

तिसरी अडचण मात्र मला पुस्तकात मिळाली नाही. ती चौकीवर मिळाली.

मी तेव्हा लेफ्टनंट होतो, नवाकोरा. दर तासाचा ठीकचा संदेश बॅटरी खातो हे दिसत होतं. मी कागदावर हिशेब मांडला आणि आमच्या सुभेदार साहेबांना म्हणालो, चार तासांचे संदेश एकत्र करून एकदाच पाठवू. निम्म्याहून कमी बिट लागतील. त्यांनी कागद शांतपणे बघितला. मग म्हणाले, "साहेब, पहिल्याच तासाला बदल झाला तर तो खाली कधी कळणार?"

मी म्हणालो, "चौथ्या तासाला."

"आणि तीन तास आवाज आला नाही तर खालच्यांनी काय समजायचं? पोरं ठीक आहेत, की सेट बंद पडलाय, की पोरंच नाहीत?"

मला उत्तर देता आलं नाही. गणित चुकलेलं नव्हतं. मी संदेशांची यादीच अपुरी धरली होती. माझ्या यादीत दोन गोष्टी होत्या: ठीक आणि बदल. तिसरी होती सेट बंद. ती शक्यता कमी होती खरी, पण दर तासाचा तो कंटाळवाणा ठीक तीच बातमी देत होता. तो आवाज म्हणजे फक्त 0.152 बिटाची बातमी नव्हती, आम्ही आहोत याची हजेरीही होती. आणि पिळलेल्या प्रवाहात अशी शांतता येणारच. सरासरी तासाला अर्ध्या बिटापेक्षा कमी पाठवायचं म्हणजे बऱ्याच तासांत काहीच पाठवायचं नाही.

आम्ही शेवटी दर तासाची हजेरी तशीच ठेवली, आणि साठा, हवामान, रेशन यांचा सविस्तर अहवाल, ज्याला घाई नव्हती, तेवढाच आखूड कोडमध्ये एकत्र करून दिवसातून एकदा पाठवायला लागलो. बॅटरी त्यातही वाचली.

म्हणून एन्ट्रॉपीचा तळ वाचताना दोन गोष्टी विचारायच्या. संदेशांची यादी पुरी आहे का? आणि तळाजवळ जाण्यासाठी जी वाट बघावी लागेल, ती बघायला पलीकडच्या माणसाकडे वेळ आहे का? फाइल झिप करताना दोन्हींची उत्तरं सहसा हो अशी असतात. चौकीवर ती नाही अशी होती.

घरी करून बघायला एक काम देतो. तुमच्या गावाची महिनाभराची पाऊस पडला किंवा नाही पडला ही नोंद घ्या. आधी शक्यता काढा, मग H काढा, मग दोन दोन दिवसांच्या जोड्या करून हफमनचा कोड बसवा. पावसाला लागून पाऊस येतो, त्यामुळे जोड्यांच्या शक्यता गुणाकाराने न काढता मोजूनच काढा. मग तुमचा आकडा एकेका दिवसावरून काढलेल्या H च्या खाली जाताना दिसू शकेल. घाबरू नका, जमीन वाढलेली नाही. कालच्या दिवसाला आजची थोडी बातमी ठाऊक असते, म्हणून खरा तळ तुम्ही काढलेल्या तळाच्या खाली होता, एवढंच. त्याबद्दल पुढच्या भागात बोलू. जय हिंद.